तळीतले मासे, सीपीएल फिल्टर आणि ५३ अंश: चकाकी मधल्याच भागातली का जाते?

कमळपान
आमच्या गावच्या देवळाला तळी आहे. पाणी नितळ, काठावर उभं राहिलं की मासे आणि पाण्याखालच्या तीन-चार पायऱ्या दिसतात. फोटो काढला की मात्र त्यात निम्मं आकाशच येतं. म्हणून सीपीएल, म्हणजे लेन्सपुढे फिरवून चकाकी कापायचा पोलरायझिंग फिल्टर घेतला. तो फिरवताना गंमत दिसते. समोर थोड्या अंतरावरच्या पाण्यावरचं आकाश पुसल्यासारखं जातं आणि तळाचा दगड दिसतो. पण तेवढ्या भागातच. त्याच्या पलीकडे चकाकी तशीच राहते, बाजूलाही राहते. लेन्स १६ मिमीची आहे, म्हणजे बरंच रुंद दृश्य घेणारी. सरळ खाली, पायाशी कॅमेरा धरला तर फिल्टर कितीही फिरवा, काही बदलत नाही.

एक मित्र म्हणाला, "५३ अंशाला धर." फोनवरचं लेव्हलचं अ‍ॅप लावून कॅमेरा आडव्यापासून ५३ अंश खाली झुकवला. चकाकी कमी झाली, पण त्याहून थोडं पुढचं पाणी जास्त साफ दिसत होतं. मग ५३ चा हिशेब चुकीचा आहे की माझा फिल्टर हलका आहे?

रात्रपाळी
फिल्टर हलकाच असणार. स्वस्तात घेतला असेल तर चकाकी नीट कापत नाही. आणि आजकाल हे सगळं एडिटिंगमध्ये होतं, कशाला खर्च करता?

कमळपान
चकाकीखाली जे दिसतच नाही ते एडिटिंगमध्ये कुठून आणू?

ठाणेकर_७
सोपं आहे. पाण्यासाठी ५३ अंश हा ब्रूस्टरचा कोन. त्या कोनात पाणी प्रकाश परावर्तित करतच नाही, सगळा आत जातो. म्हणून तळ दिसतो. फिल्टरची गरजच नाही खरं तर.

भिंगवाले काका
ठाणेकर, अर्धं बरोबर आहे. सगळा प्रकाश आत जात असता तर फिल्टर न लावताही तिथे काळं भोक दिसलं असतं. कमळपानताईंना फिल्टर फिरवल्यावरच फरक दिसतोय, याचा अर्थ परावर्तन होतंय.

आकाशाच्या प्रकाशात सगळ्या दिशांची कंपनं मिसळलेली असतात. त्यांचे दोन वाटे करा. एक पाण्याच्या पृष्ठाला समांतर, म्हणजे आडवी कंपनं, आणि दुसरा त्यांना काटकोनात, उभ्या प्रतलातला. त्या कोनाला उभा वाटा सगळाच्या सगळा पाण्यात शिरतो, त्यातलं काहीच परत येत नाही. आडव्या वाट्यातला मात्र जवळपास ८ टक्के परत येतो. म्हणजे एकूण प्रकाशाच्या ४ टक्के. आकाश एवढं उजळ असतं की ४ टक्केही तळाला झाकायला पुरतात. पण हे ४ टक्के एकाच दिशेत कंप पावणारे असल्यामुळे फिल्टर योग्य दिशेला फिरवला की सगळे अडतात. आणि पाण्याखालून येणाऱ्या प्रकाशातला उभा वाटा त्या कोनातून बाहेर पडताना अजिबात न गळता तुमच्यापर्यंत येतो. सोय दुहेरी आहे.

उलट बाजूनं एक गैरसमज होतो तोही सांगतो. परत येणारा प्रकाश पूर्ण ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो, आत गेलेला नाही. आत गेलेल्यात आडवी कंपनंही भरपूर असतात, उभी किंचित जास्त एवढंच.

आता तुमचे ५३. हा कोन पाण्याच्या पृष्ठापासून मोजायचा नाही, पृष्ठावर उभ्या केलेल्या लंबापासून मोजायचा. अ‍ॅप आडव्यापासून मोजतं. तुम्ही ५३ झुकवलात तेव्हा लंबापासून ३७ झाले. अ‍ॅपवर ३७ दिसले पाहिजेत. "थोडं पुढचं पाणी जास्त साफ" असं तुम्हीच लिहिलंय, ती जागा तीच. फिल्टरला दोष देऊ नका.

ओळंबा
काका, मी बांधकामातला माणूस. ५३ आणि ३७ वाचून थांबलो. हा तर आमचा गुण्या! ३-४-५ चा त्रिकोण. पाया आखताना सुतळीवर तीन फूट, चार फूट मोजायचे आणि तिरकं पाच आलं की कोपरा काटकोनात. त्याचे उरलेले दोन कोन ३७ आणि ५३ च असतात. योगायोग?

भिंगवाले काका
पाण्याच्या बाबतीत योगायोगच, पण फार कामाचा. नियम असा आहे:

tan θ = n

n म्हणजे अपवर्तनांक, पदार्थात शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचं माप. पाण्याचा १.३३, जवळजवळ चार छेद तीन. कॅमेरा पाण्यापासून तीन फूट उंच असेल तर सगळ्यात साफ जागा कॅमेऱ्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून चार फूट पुढे. कोनमापक नको, अ‍ॅप नको. उंचीला चार तृतीयांशानं गुणा.

गंमत पुढे आहे. ५३ अंशांचं साइन ०.८. पाण्यात शिरताना किरण वाकतो, आतल्या कोनाचं साइन ०.८ भागिले १.३३ म्हणजे ०.६. तो कोन ३७. बाहेर परावर्तित झालेला किरण लंबाशी ५३, आत गेलेला लंबाशी ३७, दोन्ही मिळून ९०. म्हणजे परत येणारा आणि आत जाणारा किरण एकमेकांशी काटकोनात. हे मात्र योगायोगानं नाही. काच घ्या, हिरा घ्या, त्या कोनाला हा काटकोन असतोच.

शेवंती
काटकोन असल्यानं उभी कंपनं परत का येत नाहीत? शाळेत सूत्र पाठ केलं होतं, कारण कोणी सांगितलं नाही.

भिंगवाले काका
परावर्तन ही पृष्ठावर चेंडू आपटून परतण्यासारखी गोष्ट नाही. प्रकाश आत शिरतो, पाण्याच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन हलवतो आणि ते हलणारे इलेक्ट्रॉन स्वतः प्रकाश टाकतात. परत येणारा किरण त्यांनी टाकलेला असतो. इलेक्ट्रॉन ज्या रेषेत मागेपुढे हलतो त्या रेषेच्या टोकाकडे तो प्रकाश टाकत नाही, बाजूंना टाकतो.

आता उभ्या वाट्याचा प्रकाश आत गेला. त्यानं इलेक्ट्रॉन हलवले ते आतल्या किरणाला काटकोनात. आणि आतल्या किरणाला काटकोनात कोण आहे? परत येऊ पाहणारा किरण. म्हणजे इलेक्ट्रॉन नेमके त्याच दिशेच्या रेषेत हलतायत, तिकडे प्रकाश टाकायची त्यांची सोयच नाही. आडव्या कंपनांना ही अडचण नाही, कारण ती दोन्ही किरणांना काटकोनात आहेत.

शेवंती
हे वाचून पाच मिनिटं हातानं बाण करून बसले होते. कळलं!

कमळपान
धन्यवाद काका. आज ३७ झुकवून बघितलं, दगडावरचं शेवाळही दिसलं. पण मूळ प्रश्न राहिलाच. एकाच कोनाला साफ व्हायचं तर एक रेघ दिसायला हवी. मला चांगला मोठा डाग दिसतो. आणि मग बाजूला का नाही?

भिंगवाले काका
तुमच्याच तळीचा हिशेब करू. कॅमेरा पाण्यापासून दीड मीटर धरा. शून्य चकाकीची जागा दोन मीटरवर. पण त्याच्या अलीकडे-पलीकडे चकाकी एकदम उसळत नाही. दीड मीटरवर कोन ४५ होतो, तिथे फिल्टरमधून निसटणारी उभी कंपनं ०.३ टक्के. २.६ मीटरवर कोन ६०, तिथे ०.४ टक्के. डोळ्याला हे शून्यच. म्हणून दीड ते अडीच मीटरचा पट्टा साफ. आणखी पुढे मात्र झपाट्यानं बिघडतं. साडेपाच मीटरवर कोन ७५ होतो, तिथे उभ्या वाट्यातले ११ टक्के परत येतात. फिल्टर त्यांना कसा अडवणार, तो उभ्यांनाच वाट देतोय! पलीकडची चकाकी ती हीच.

सरळ खाली बघताना दोन्ही वाटे सारखेच, दोन-दोन टक्के परत येतात. निवडायला काही उरतच नाही, म्हणून फिल्टर फिरवून फरक पडत नाही.

आता बाजू. तुमच्याभोवती दोन मीटरचं वर्तुळ काढा, त्यावर सगळीकडे कोन बरोबर आहे. पण "आडवी" कंपनं त्या त्या जागी वर्तुळाच्या स्पर्शरेषेत असतात. समोर ती डावी-उजवीकडे, तुमच्या कुशीला ती पुढे-मागे. फिल्टरची दिशा एकच, तुम्ही ती समोरच्यासाठी लावलीत. १६ मिमीच्या लेन्समध्ये बाजूचं पाणी इतकं तिरकं येतं की तिथली कंपनं फिल्टरच्या दिशेशी जुळत नाहीत. ३५ किंवा ५० मिमी लावा, चौकटभर साफ येईल. किंवा कॅमेरा अधिक उंच धरा, तोच पट्टा पाण्यावर मोठा होतो.

आणि वारा असेल तर सोडून द्या. प्रत्येक लाटेचा उतार वेगळा, म्हणजे लंब वेगळा, म्हणजे कोनही वेगळा. सकाळी पाणी निवांत असताना जा.

ठाणेकर_७
मान्य. मी "सगळा आत जातो" म्हणालो ते एकाच वाट्यापुरतं खरं.

उनाड
चांगला धागा. माझाही एक प्रश्न, पोलराइज्ड गॉगलबद्दल. गाडी चालवताना ओल्या रस्त्याची चकाकी मस्त जाते. पण लक्ष्मी रोडला साड्यांच्या दुकानाच्या काचेत बघितलं तर समोरच्या इमारतीचं प्रतिबिंब जसंच्या तसं. काचेचा कोन वेगळा असतो म्हणून का? शिवाय पेट्रोल पंपावरचा आकडा गॉगलमधून कधी कधी काळा पडतो. गॉगल परत करू का?

भिंगवाले काका
परत करू नका, गॉगल चोख आहे. पंपाचा पडदा एलसीडी असेल. त्यातून येणारा प्रकाश मुळातच एका दिशेचा असतो, ती दिशा गॉगलशी आडवी आली की पडदा काळा. ब्रूस्टरचा इथे संबंध नाही.

दुकानाच्या काचेचा मात्र आहे. काचेचा n साधारण १.५२, कोन ५६.७ अंश. पण कोन हे तुमच्या अडचणीचं कारण नाही. रस्ता आडवा आहे, त्यावरून आलेली चकाकी आडव्या कंपनांची. गॉगल आडवी कंपनं अडवायलाच बनवलेला असतो. दुकानाची काच उभी आहे. फुटपाथवरून तिरकं बघता तेव्हा "पृष्ठाला समांतर" कंपनं म्हणजे उभी कंपनं. त्यांना तुमचा गॉगल आनंदानं वाट देतो. मान खांद्याकडे काटकोनात वाकवून बघा, साड्या दिसतील. लोक काय म्हणतील ते तुमचं तुम्ही बघा.

उनाड
वाकवली. दिसल्या. दुकानातला माणूस बाहेर आला.

शेवंती
😂 साडी घेतली का मग?

ओळंबा
मी ओट्यावर प्रयोग केला. घरचा ओटा काळ्या पॉलिश ग्रॅनाइटचा. पलीकडच्या खिडकीचं प्रतिबिंब ओट्यात दिसतं. डोळ्यासमोर फिल्टर धरला, आकाश सगळ्यात काळं कुठे होतं तिथे खडूची खूण केली. डोळा ओट्यापासून ५० सेंटिमीटर उंच, खूण डोळ्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून ८० सेंटिमीटर पुढे. म्हणजे n झाला १.६. काचेचा १.५२ तर ग्रॅनाइटचा १.६ बरोबर आहे का? आणि प्रतिबिंब पूर्ण गेलं नाही, ठिपके-ठिपके राहिले.

भिंगवाले काका
पद्धत पक्की. आकड्यावर मात्र इतक्यात विश्वास ठेवू नका. खूण चार सेंटिमीटर अलीकडे पडली असती तर उत्तर १.५२ आलं असतं. आणि मघाशी बघितलंत ना, काळोखाचा पट्टा रुंद असतो, त्याचा मध्य डोळ्याला सापडत नाही. मध्य शोधू नका. अलीकडे जिथून खिडकी जेमतेम दिसायला लागते ती खूण करा, पलीकडेही तितकीच जेमतेम दिसते तिथे दुसरी. दोन्हींचे कोन काढून सरासरी घ्या. पलीकडे चकाकी लवकर वाढते, त्यामुळे यातही थोडी गफलत राहते, पण नुसत्या अंदाजापेक्षा बरं.

ठिपक्यांचं म्हणाल तर दगड म्हणजे एक पदार्थ नव्हे. बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून मिळणारे पुष्कळ दगड भूशास्त्राच्या हिशेबात ग्रॅनाइट नसतातच. त्यात फेल्डस्पार असतं, त्याचा n १.५५ च्या आसपास, आणि पायरॉक्सिन असतं, त्याचा १.७ च्या आसपास. प्रत्येक कणाचा कोन वेगळा. एक कण विझतो तेव्हा शेजारचा विझत नाही.

ओळंबा
पण ओट्यावर पॉलिशचा थर असतो. मग कोन दगडाचा मोजतोय की पॉलिशचा?

भिंगवाले काका
प्रश्न रास्त आहे. जुन्या लोकांनाही हा त्रास झालेला आहे. १८०८ मध्ये पॅरिसला एतिएन मालुस यानं लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून आलेला मावळत्या सूर्याचा प्रकाश कॅल्साइटच्या स्फटिकातून बघितला. स्फटिकातून नेहमी दोन प्रतिमा दिसतात. त्या दिवशी स्फटिक फिरवताना एक मंद व्हायची, मग दुसरी. परावर्तनानं ध्रुवीकरण होतं हे तिथे कळलं. त्यानं पाणी आणि काच दोन्हींचे कोन मोजले, पण त्यांचा अपवर्तनांकाशी असलेला संबंध त्याला सापडला नाही. त्या काळची काच एकसारखी नसायची, तिचं पृष्ठ आणि पोट यांचे गुण वेगळे पडायचे. स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरनं बरेच वेगवेगळे पदार्थ तपासले आणि १८१५ मध्ये tan चा नियम मांडला. कॅलिडोस्कोप काढणारा ब्रूस्टर तो हाच.

तुमच्या ओट्यावर मेणाचा पातळ थर असेल तर दोन्हींची सरमिसळ मोजली जाईल. कोपऱ्यात साबणानं घासून पुन्हा मोजा, काय फरक येतो ते लिहा.

ओळंबा
घासायला घरातून परवानगी मिळाली की लिहितो.

मृगजळ
उशिरा येतेय. माझा अनुभव वेगळा आहे आणि या धाग्यात बसतो की नाही माहीत नाही. आमच्याकडे धरणाचं पाणी आहे. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी, सूर्य टेकला होता, पश्चिम माझ्या डावीकडे. समोरच्या पाण्यात थोड्या अंतरावर एक काळसर डाग दिसला, त्यात पाण्याखालचे गोटे दिसत होते. फिल्टर नाही, गॉगल नाही, नुसते डोळे. अंगठ्याएवढे गोटे मोजता आले असते. उन्हाळ्यात त्याच जागी त्याच वेळेला गेले तर काही नाही. ढग म्हणावा तर ढग नव्हता.

ठाणेकर_७
म्हणजे मी आधी म्हणालो तसं काळं भोक! काका, फिल्टरशिवाय!

भिंगवाले काका
ठाणेकर, या वेळी दाद देतो. फिल्टर होता, पण तो आकाशात होता.

निळ्या आकाशाचा प्रकाशही ध्रुवीकृत असतो, सूर्यापासून ९० अंशांवर सगळ्यात जास्त. सूर्य पश्चिमेला क्षितिजावर असेल तर उत्तर, डोकं आणि दक्षिण यांना जोडणारी अख्खी कमान सूर्यापासून ९० अंशांवर येते. मृगजळताई, पश्चिम डावीकडे म्हणजे तुम्ही उत्तरेला तोंड करून होतात. त्या कमानीवरच्या प्रकाशाची कंपनं उत्तरेच्या आकाशात उभ्या प्रतलात असतात. आणि पाणी ५३ अंशांना नेमकी उभी कंपनंच परत पाठवत नाही. येणाऱ्या प्रकाशात आडवी कंपनं थोडीच, म्हणून परावर्तनही थोडंच. डाग काळा.

अगदी स्वच्छ हवेतही आकाशाचं ध्रुवीकरण शंभर टक्के नसतं, पाऊणच्या आसपास जातं. त्यामुळे डागात थोडी चकाकी राहते. हवेत धूळ किंवा धुरकट असेल तर प्रकाश पुन्हा पुन्हा विखुरतो आणि ध्रुवीकरण आणखी घटतं. उन्हाळ्यात न दिसण्याचं एक कारण ते असू शकेल. दुसरं असं की दिवाळीनंतर सूर्य पश्चिमेच्या थोडा दक्षिणेला मावळतो, उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकून मावळतो. तेव्हा ती कमानही फिरते आणि दिवाळीतल्याच दिशेला बघून चालत नाही.

मृगजळ
वा! पण एक शंका. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलेलं असतं. गोटे दिसत होते ती जागा तेव्हा कोरडी होती, मी पुढे चालत जाऊन उभी राहिले होते. "त्याच जागी" म्हणजे अगदी तीच जागा नाही.

भिंगवाले काका
मग आणखी एक विचारतो. पलीकडच्या काठावर काय आहे? डोंगर किंवा झाडी?

मृगजळ
टेकडी आहे, झाडी दाट. दिवाळीत हिरवीगार होती.

भिंगवाले काका
मग माझंच उत्तर थोडं डळमळलं. पाण्यात त्या जागी टेकडीचं प्रतिबिंब पडत असेल तर तिथे मुळात उजेडच कमी, तळ तसाही दिसेल. त्यात ब्रूस्टरचा काही संबंध नाही. ३७ अंश वरच्या आकाशाचं प्रतिबिंब त्या जागी हवं. टेकडी तितकी उंच दिसते का हे बघायचं: हात लांब करून मूठ डोळ्यासमोर धरा, एक मूठ साधारण १० अंश. क्षितिजापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत चार मुठी जवळजवळ भरत असतील तर श्रेय टेकडीचं. दोन मुठींतच संपत असेल तर आकाशाचं.

कमळपान
मृगजळ, मूठ मोजून नक्की सांगा. माझ्या तळीला उत्तरेकडे देऊळच आहे, म्हणजे माझ्याकडे हे दिसणारच नाही. दक्षिणेला चालेल ना काका?

भिंगवाले काका
चालेल, कमान दोन्हीकडे टेकते. उत्तरेच्या काठावर उभं राहून दक्षिणेकडे बघा, आकाश मोकळं असेल तर. मार्च किंवा सप्टेंबरच्या विशीच्या सुमाराला सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो, तेव्हा दिशेचा घोळ होत नाही. सप्टेंबरात पावसानं घोळ घातला नाही तर.

मृगजळ
टेकडी अडीच मुठी भरली. पण मी काठावरून मोजली, तेव्हा उभी होते तिथून पाणी आता दूर आहे.

ओळंबा
ओटा घासला. १.५७ आलं. घरचे म्हणतात, मोजायचं झालं असेल तर भाजी चिरायला जागा द्या.